डिस्चार्ज कार्डावर नळी काढायची तारीखच नाही

प्रति,
मॅनेजर साहेब आणि मुतखड्याचे डॉक्टर साहेब,
जळगाव

विषय : डिस्चार्ज कार्ड समजावून सांगणे आणि पुढे कधी यायचं ते लेखी देणेबाबत

नमस्कार साहेब,

मी अमळनेर तालुक्यातली, अंगणवाडी सेविका आहे, वय 52. 14 मे ला तुमच्याकडे माझं डाव्या बाजूच्या मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, 11 एमएमचा खडा लेसरने फोडला आणि 17 तारखेला घरी सोडलं. ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगते, त्या आधीच्या रात्री मी कशी तळमळत होते ते घरच्यांनाच माहीत. तक्रार आहे ती हातात दिलेल्या दोन पानी कागदाची.

घरी सोडताना बिलाच्या खिडकीवर कागद दिला, गोळ्यांची पिशवी दिली आणि सिस्टर म्हणाल्या "सगळं लिहिलेलं आहे". आम्हाला सव्वापाचची गाडी पकडायची होती, बाहेर ऊन म्हणजे मे महिन्यातलं जळगावचं ऊन, त्यामुळे मिस्टरांनीही वाचलं नाही. ही आमची चूक, मान्य. पण नंतर वाचून तरी काय कळणार होतं साहेब? त्यात लिहिलंय "एलटी यूआरएसएल + डीजेएस डन" आणि शेवटी "फॉलोअप एसओएस". मी म्हटलं एसओएस म्हणजे त्रास झाला तर या. त्रास म्हणजे सारखं लघवीला जावं लागायचं, लघवी करताना कमरेत कळ मारायची, गावात दोन घरं जास्त फिरले की लघवी गुलाबी व्हायची. मला वाटलं ऑपरेशन झालंय तर एवढं चालायचंच.

पाचव्या आठवड्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे बीपी मोजायला गेले तेव्हा त्यांनी सहज कागद मागितला आणि विचारलं, "ताई, नळी कधी काढली?" मी म्हटलं कसली नळी. मग त्यांनी सांगितलं की डीजेएस म्हणजे डीजे स्टेंट, किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत आत ठेवलेली बारीक नळी, दोन्ही टोकांना वळलेली, सूज असताना लघवी अडू नये म्हणून ठेवतात आणि नंतर दुर्बिणीने काढून घेतात. हे जे कमरेत कळ मारणं आणि गुलाबी लघवी चाललंय ते बहुतेक तिचंच. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "माय वं, नळी पोटमाच सोडी दिनी का त्यासनी?" आता त्यांना काय सांगू? कदाचित राऊंडला कुणी सांगितलंही असेल, पण तेव्हा मी भुलीच्या गुंगीत होते आणि मिस्टर औषधं आणायला खाली गेलेले.

डॉक्टर म्हणाले साधारण दोन ते सहा आठवड्यात काढतात, केसवर अवलंबून, पण तीन महिन्यांच्या वर सहसा राहू देत नाहीत कारण नळीवर क्षार चढतात, मग ती सहज निघत नाही, परत लेसर लावायची वेळ येते. हे मला लगेच कळलं कारण आमच्या कपाशीच्या ठिबकला तेच होतं, बोअरच्या पाण्याने नळ्या आतून पांढऱ्या होतात आणि वेळेवर ॲसिड सोडलं नाही तर लाईन बदलावी लागते. ठिबकची लाईन बदलता येते हो.

म्हणून माझा पहिला प्रश्न, नळी काढायची तारीख कागदावर का नाही? माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरमधे एका बाळाच्या पुढच्या डोसच्या तारखेचा रकाना रिकामा राहिला तर सुपरवायझर मॅडम सगळ्यांसमोर झापतात. तुमच्याकडे कुणाला नळी टाकली, कुणाची काढायची बाकी आहे याचं रजिस्टर असेलच ना, त्यात माझं नाव आहे का तेवढं बघून सांगा. पाच आठवड्यात एक फोन नाही आला, बिलाचे 1,200 रुपये बाकी होते तेव्हा मात्र दोनदा आला.

दुसरं, पहिल्या पानावर लेफ्ट लिहिलंय आणि ऑपरेशनच्या परिच्छेदात "राईट डीजे स्टेंट प्लेस्ड". हे वाचून माझे हातपाय गार पडले. अमळनेरलाच एक्सरे काढला, नळी डावीकडेच आहे, मी स्वतः बघितली, पांढरी रेघ आणि दोन्हीकडे आकडा. म्हणजे टायपिंगची चूक असेल, बहुतेक आधीच्या पेशंटचा मजकूर तसाच राहिला. पण उद्या मी दुसऱ्या गावी ॲडमिट झाले तर तिथला डॉक्टर एक्सरेच्या आधी कागदच वाचणार. दुरुस्त केलेली प्रत सही, शिक्का आणि तारखेसह द्या, पेनने खाडाखोड करून नको.

तिसरं गोळ्यांचं. ॲडमिट केलं तेव्हा क्रिएटिनिन 1.9 होतं म्हणून माझी शुगरची मेटफॉर्मिनची गोळी वॉर्डात बंद केली, राऊंडचे डॉक्टर म्हणाले क्रिएटिनिन उतरल्याशिवाय घेऊ नका. घरी जाताना ते 1.3 होतं. आणि कार्डावर काय, तर "कंटिन्यू ओल्ड मेडिसिन". जुन्या गोळ्यांत तर तीच आली ना! घ्यायची, का अर्धी घ्यायची, का क्रिएटिनिन परत करून मग ठरवायचं? मी घाबरून घेतलीच नाही आणि आता उपाशीपोटी शुगर 210 आहे. शिवाय दुखलं तर घ्यायला डायक्लोफेनॅक लिहिलंय, आमचे डॉक्टर म्हणाले किडनीवर ताण असताना मी ही गोळी दिली नसती. नशीब मी दोनच घेतल्या. तुम्ही विचार करून दिली असेल तर तसं सांगा, नाहीतर दुसरी लिहून द्या.

लघवीच्या कल्चरपुढे "रिपोर्ट अवेटेड" लिहिलंय. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात म्हणे, म्हणजे मी घरी गेल्यावर तो आलाच असणार. तो बघितला कोणी? फोन केला तर लॅबवाले म्हणतात इथे येऊन घेऊन जा. पाच दिवस जी ॲन्टिबायोटिक खाल्ली ती त्या जंतूला लागू होती का नव्हती हे त्या रिपोर्टशिवाय कसं कळणार, आणि नळी काढायच्या आधी ते बघावं लागतं असं आमचे डॉक्टर म्हणाले.

तर साहेब, नळी कोणत्या तारखेला काढणार, भूल देणार का नुसता जेल लावून, उपाशी यायचं का, खर्च आधीच्या पॅकेजमधे आहे का वेगळा, आणि नंतर किडनीची सूज उतरली का बघायला सोनोग्राफी कधी करायची, हे मराठीत लिहून द्या. थंडी वाजून ताप आला, लघवीत गाठी पडल्या किंवा लघवी बंद झाली तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा तोही लिहा, कार्डावरचा नंबर संध्याकाळी 6 नंतर कोणी उचलत नाही.

सोबत केस पेपरची पूर्ण झेरॉक्स पाहिजे, नळीच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर त्यावर लावलेलं असतं तेही. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात मागितल्यापासून 72 तासात रेकॉर्ड द्यायचं आहे, म्हणून या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख टाकून पोच द्या.

आज 20 जून. मंगळवारी सकाळच्या गाडीने मी आणि मिस्टर येतोय. मला रांगेत बसवा, चालेल, पण ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनीच दहा मिनिटं बसून कागद समजावून सांगावा, काउंटरवरच्या पोराने नाही. एक्सरे बरोबर आणते.

आपली पेशंट
(आयपी नंबर जोडलेल्या कार्डाच्या झेरॉक्सवर आहे)