व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला, तरी वही लागतेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'लॅबचा रिपोर्ट आता थेट मोबाईलवर येतो, मग दवाखान्याच्या फोनची वाट कशाला बघायची आणि काउंटरवरच्या मुली दिवसभर करतात तरी काय', असा प्रश्न कालच्या अंकात एका पत्रलेखकांनी विचारला आहे. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं रिसेप्शनवर आहे. पत्र वाचून राग आला, म्हणून लिहिते.

आलेले रिपोर्ट समोर दिसतातच. न आलेला रिपोर्ट कुणालाच दिसत नाही, त्यासाठी वही लागते. नमुना लॅबच्या मुलाच्या हातात दिला की त्याच वेळी मी ओळ लिहिते: पेशंटचं नाव, गाव, दोन फोन नंबर आणि दुसरा नंबर कुणाचा ते, तपासणी, लॅब, आणि रिपोर्ट कधी यायला हवा ती तारीख. रोज सकाळी ओपीडीआधी तारीख उलटून गेलेल्या ओळी काढायच्या आणि लॅबला फोन लावायचा. कधी रक्त गोठलेलं निघतं, कधी नमुना कमी पडतो, आणि ते कळवायचं राहून गेलेलं असतं. रिपोर्ट आला, डॉक्टरांनी बघितला आणि पेशंटला निरोप पोचला, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच ओळ खोडायची.

राधानगरीकडच्या एका शेतमजुराचं उदाहरण देते. खोकला जात नव्हता, वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी थुंकी टीबीसाठी स्मिअर आणि कल्चर अशा दोन्ही तपासण्यांना पाठवली. नमुना एकच होता, तरी मी ओळी दोन लिहिल्या. स्मिअर म्हणजे थुंकी काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. ते दुसऱ्या दिवशी कळतं. पण एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असले तरच ते काचेवर सापडतात. कल्चरमध्ये थोडे जंतूही वाढवून पकडता येतात, मात्र टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. त्यामुळे 'वाढ नाही' असं म्हणायला लॅब ४२ दिवस थांबते. म्हणून पहिल्या ओळीपुढे उद्याची तारीख आणि दुसरीपुढे सहा आठवड्यांनंतरची. मध्ये दर सोमवारी चौकशी, कारण वाढ दिसली तर लॅबकडे आधीच कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर स्मिअर निगेटिव्ह आला. घरच्यांनी 'टीबी नाही' असं धरलं आणि ते पुन्हा कामाला जायला लागले. चौथ्या आठवड्यात मी लॅबला विचारलं तर उत्तर आलं, "त्यांचा रिपोर्ट कधीच पाठवलाय की ताई." मी म्हटलं, तो स्मिअरचा, मी कल्चरचं विचारतेय. मग शोधाशोध झाली. कल्चर शनिवारीच पॉझिटिव्ह आलं होतं, पण स्मिअर गेल्यावर त्यांच्या यादीत हा पेशंट 'पूर्ण' दिसत होता. पत्रलेखकांनी सांगावं, तो मोबाईल वाजण्याची वाट बघत त्या माणसानं आणखी किती दिवस घरात पोरांसमोर खोकायचं होतं?

मग फोन. पहिला नंबर बंद. दुसरा शेजाऱ्यांचा, त्यांनी बायकोला बोलावलं. "त्ये रानात गेल्यात," त्या म्हणाल्या. शेजारी जवळच उभे होते, म्हणून आजाराचं नावही मी काढलं नाही. "डॉक्टरांनी उद्या सकाळी बोलावलंय, नक्की यायला सांगा आणि संध्याकाळी त्यांनाच मला फोन करायला लावा," एवढंच सांगितलं. शेजाऱ्याजवळ टीबीचा निरोप ठेवायचा नसतो, गावात ते घर तोडल्यासारखं होतं. संध्याकाळी फोन आला नाही, मी पुन्हा केला. सकाळच्या एसटीने दोघं आले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, सरकारकडे नोंद केली, उपचार सुरू झाले आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी सांगितली. तेव्हा ती ओळ खोडली.

आणखी एक. आपल्या आरोग्य पुरवणीत 'नॉर्मल' आकड्यांचा तक्ता छापता, तेव्हा प्रत्येक लॅबची मर्यादा तिच्या यंत्रावर आणि पद्धतीवर थोडी वेगळी असते, हेही छापा. ते कात्रण घेऊन लोक घाबरेघुबरे होऊन काउंटरवर येतात, आणि रिपोर्टवर त्याच लॅबची मर्यादा बाजूच्या रकान्यात छापलेली असते ती कुणी बघत नाही.

आणि वाचकांना विनंती, दवाखान्यात नंबर देताना चालू असलेला द्या आणि सिम बदललं तर आम्हाला कळवा. कल्चरसारखा रिपोर्ट महिना-दीड महिन्याने येतो, तोवर निम्म्या लोकांना दवाखान्यात कुठला नंबर दिला होता तेही आठवत नाही.

आपली,
एक रिसेप्शनिस्ट, कोल्हापूर