रविवारी दुचाकीस्वारांसाठी व्हिडिओ: येताना हेल्मेट घेऊन या

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये रस्ता सुरक्षेचा छोटा व्हिडिओ दाखवणार आहोत. एक तरुणी आईला मागे बसवून स्कूटरवरून मंडईत जाते, एवढीच त्यातली गोष्ट.

सुरुवातीचा प्रसंग नीट बघा. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट आहे, पण आईचा पट्टा नुसताच लोंबतोय. मुलगी हेल्मेटची मागची कड धरून पुढे ओढते, तर ते सरळ हातात येतं. धडकेतही हेच होतं. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जावीत आणि असं ओढूनही हेल्मेट निघू नये.

पुढे उजवं वळण येतं. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, त्यामुळे ऐन वळताना दिलेला इंडिकेटर मागच्याच्या काही कामाचा नाही. ही मुलगी निदान ३० मीटर आधी तो देते, आरसा बघते, उजव्या खांद्यावरून मागे नजर टाकते (आरशात न दिसलेली बाइक नेमकी तिथे असते) आणि मगच उजवीकडे सरकते. वळून झाल्यावर इंडिकेटर आठवणीने बंद करते. बहुतेक स्कूटरवर तो आपोआप बंद होत नाही, आणि चालू राहिला की समोरचा हमखास फसतो.

येताना आपापलं हेल्मेट आणा, पट्टे तिथेच तपासू. मुलांचंही आणा; ४ वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसला तरी, कायद्याने हेल्मेट सक्तीचं आहे.

– सचिव