चविडा

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

ती. आई,
सा. न.

आज मराठी शाळेत भोंडला झाला. रंगीत खडूंनी हत्ती काढलेला पाट मधे ठेवला आणि मुलगे-मुली सगळ्यांनी फेर धरला. वर्ग भाड्याचे, त्यामुळे जमिनीवर रांगोळी चालत नाही. एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून सगळ्याच खिरापती बिनदाण्याच्या होत्या.

तुमच्या अंगणात खिरापत ओरडून ओळखायची असते ना? बाईंनी इथे ती पाटीवर लिहून ओळखायला लावली. डबा वाजवून, "गोड की तिखट?" विचारून झालं आणि आपल्या धाकटीनं लिहिलं, "चविडा". मी आधी चमकले, मग कळलं. तिला चिवडा म्हणायचं होतं. कानाला आधी च ऐकू येतो आणि मग इ, म्हणून तिनं च काढून त्याच्यापुढे वेलांटी दिली. ती जाऊन बसली व वर. शेजारच्या मुलानं शिऱ्याचं असंच "शरिा" केलं होतं. इंग्रजीत जे आधी ऐकू येतं ते आधी लिहायचं, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटीशी ही मुलं हमखास अडतात. दुसरी वेलांटी मात्र अक्षराच्या मागून येते, तिथे चूक जवळजवळ होत नाही.

बाईंनी चूक खोडली नाही. पाटीवर नुसतं "चवडा" लिहायला लावलं आणि म्हणाल्या, "आता इ कुणाची? त्याच्या डोक्यावर टोपी घाल आणि दांडी त्याच्या डाव्या हाताला सोड." टोपी ज्याच्या डोक्यावर, वेलांटी त्याची, हे तिला लगेच पटलं. मग शिराही बरोबर आला. घरी येऊन मात्र फ्रिजवर परत "दविाळी" लिहिलंय! अजून बरेच रविवार लागतील.

उच्चाराचं कोडं वेगळं आहे. ती भाताला "भाट" म्हणते, हे तू फोनवर ऐकलंच आहेस. इंग्रजीतला टी आपल्या त आणि ट यांच्या मधे, हिरडीपाशी उमटतो, आणि तिच्या कानाला तो ट च्या जवळचा वाटतो. म्हणून बाई "ताट" म्हणायला लावतात: त ला जीभ दातांना टेकते, ट ला वर वळते. आरशासमोर केलं की तिचं तिलाच दिसतं.

एक काम सांगते. छापील अक्षरं ती वाचते, पण तुझ्या हातचं पत्र तिला वाचता येत नाही, कारण तू शिरोरेघ देत नाहीस आणि अक्षरं जोडून लिहितेस. तर दहा खिरापतींची नावं, एकेका चिठ्ठीवर एक, नेहमीच्याच अक्षरात लिहून पाठव. त्यात चिरोटे आणि खिरापत हे शब्द नक्की घाल. बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई