प्रबंधातला ‘मुळे’ कोणाचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांविषयी आपल्या दैनिकात आलेले पत्र वाचले. त्यातली चीड मला पटते. पण पत्रलेखकांनी ‘प्रुफं तपासून देणाऱ्यांना’ही त्याच माळेत ओवले आहे. मी गेली अकरा वर्षे घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध, लघुप्रबंध आणि शोधनिबंध तपासते, बहुतेक मराठी आणि काही इंग्रजी. भाषा तपासणे आणि लिहून देणे यांत सीमा आहे, आणि ती पानापानावर सांभाळावी लागते. कशी, ते एका प्रबंधाच्या आधाराने सांगते.

एका तालुक्यातल्या महिला बचत गटांवरचा तो प्रबंध होता. विद्यार्थिनी नोकरी आणि संसार सांभाळून पीएच.डी. करणारी, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. 120 महिलांकडून तिने स्वतः मुलाखत-अनुसूची भरून घेतल्या होत्या. काम मेहनतीचे होते, भाषा मात्र विस्कळीत. ‘विद्यार्थीसंख्या’चे ‘विद्यार्थिसंख्या’ करणे, कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी असेल तिथे मेळ घालणे, संदर्भसूचीत कुठे वर्ष आधी तर कुठे शेवटी आले असेल ते एका पद्धतीत आणणे, हे मी न विचारता करते. तिथे एकच उत्तर बरोबर असते. कोणीही जाणकार तपासनीस तीच खूण करील, म्हणून त्या खुणेत माझे असे काही नसते.

अडचण पुढे सुरू होते. तिच्या चौथ्या प्रकरणात वाक्य होते, ‘अभ्यासातील सर्व महिला साक्षर नाहीत.’ आपण बोलताना असे सर्रास बोलतो, पण कागदावर त्याचे दोन अर्थ होतात. एकही महिला साक्षर नाही, किंवा काही साक्षर आहेत आणि काही नाहीत. वरच्या तक्त्यात 31 निरक्षर असल्याचे दिसत होते, तेव्हा दुसरा अर्थ उघड होता. तरीही मी वाक्य बदलले नाही. समासात लिहिले, ‘दोन अर्थ होतात. तक्त्यानुसार 120 पैकी 31 निरक्षर. तसे लिहायचे आहे का?’ दोन मिनिटांचे काम पाच मिनिटांचे झाले, पण बदल तिच्या हातून झाला. माझी कसोटी एवढीच आहे: वाक्याला एकच अर्थ असेल तर ते नीट करणे माझे काम, आणि दोन अर्थ संभवत असतील तर त्यांतला एक निवडणे लेखकाचे.

त्याच प्रकरणात उत्पन्नाचा तक्ता होता. प्रशिक्षण घेतलेल्या 72 महिलांपैकी 45 जणींनी उत्पन्न वाढल्याचे सांगितले होते आणि 27 जणींनी वाढले नसल्याचे. प्रशिक्षण न घेतलेल्या 48 पैकी 21 जणींचे वाढले होते, 25 जणींचे नाही. बेरीज करून पाहिली तर 118 भरते. दोन महिला कुठे गेल्या? मी फोन केला. ती थकलेली होती, प्रबंध सादर करायला आठ दिवस उरले होते. म्हणाली, ‘ताई, त्या दोघींना “नाही”मध्ये टाका ना, बेरीज जुळेल.’

बेरीज जुळली असती, अगदी सहज. पण 25 चे 27 करणे ही दुरुस्ती नव्हे. दोन बायकांनी न दिलेले उत्तर मी त्यांच्या तोंडी घातले असते, आणि ते कोणाच्याही लक्षात आले नसते. मी तिला म्हटले, ‘अनुसूची काढून बघ.’ रात्री तिचा निरोप आला. दोन अनुसूचींमध्ये तो प्रश्न कोराच राहिला होता. मग तिने तक्त्याखाली ‘दोन महिलांचे उत्तर उपलब्ध नाही’ अशी टीप दिली आणि टक्केवारी 48 ऐवजी 46 वर पुन्हा काढली. 43.75 चे 45.65 झाले. फरक लहानच, पण आता तो आकडा तिचा होता आणि कुठून आला ते ती सांगू शकत होती.

खरा पेच पाचव्या प्रकरणात होता. निष्कर्षात तिने लिहिले होते, ‘प्रशिक्षणामुळे महिलांच्या उत्पन्नात वाढ झाली.’ व्याकरणाने वाक्य निर्दोष आहे. शुद्धलेखनापुरते पाहणाऱ्याची नजर त्यावरून सरळ पुढे गेली असती. पण तक्ता एवढेच सांगतो, की प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये उत्पन्न वाढल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे, 62.5 टक्के. ते प्रशिक्षणामुळे आहे हे तक्ता सांगत नाही. ज्यांचा शिवणाचा किंवा पापडाचा धंदा आधीच चालता होता, हाताशी पैसा होता, घरच्यांची आडकाठी नव्हती, त्याच प्रशिक्षणाला गेल्या असतील, असेही शक्य आहे.

हे मला दिसत होते, कारण असे तक्ते मी वर्षानुवर्षे वाचते आहे. ‘मुळे’ काढून ‘प्रशिक्षण घेतलेल्या महिलांमध्ये’ असे करणे हा तीन शब्दांचा बदल, आणि खाली ‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद घालणे हे अर्ध्या तासाचे काम. तिने ते आनंदाने स्वीकारले असते. पण तेव्हा प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा दावा माझा झाला असता. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात: ‘ही मर्यादा तुम्ही लिहिली आहे, मग ती दूर करायला काय करता आले असते?’ ज्याने तो परिच्छेद विचार करून लिहिला आहे त्याला उत्तर येते. ज्याच्यासाठी दुसऱ्याने लिहिला, तो तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवतो. ते परीक्षकांना लगेच कळते.

मी समासात एवढेच लिहिले, ‘ “मुळे” म्हणजे कारण. तक्ता 4.9 मधून कारण सिद्ध होते का? मार्गदर्शकांशी बोलावे.’ तीन दिवसांनी नवीन पान आले. तिने ‘मुळे’ काढला होता आणि मर्यादाही लिहिली होती, पण माझ्या डोक्यात होती ती नव्हे. प्रशिक्षण दुपारी असे, त्यामुळे शेतमजुरीला जाणाऱ्या बायका त्याला येऊच शकत नव्हत्या, आणि मुळात त्यांचेच उत्पन्न सर्वांत कमी होते, असे तिने लिहिले. हे मला घरात बसून कधीच सुचले नसते. ते तिला गावात फिरून माहीत होते. मी आधीच परिच्छेद लिहून दिला असता तर हे वाक्य प्रबंधात आलेच नसते.

दुसरी मागणी हल्ली वारंवार येते, ती प्रबंधाचा मजकूर आधीच्या लिखाणाशी संगणकावर ताडून काढलेल्या साम्याविषयीची. ‘साम्य 34 टक्के आले आहे, 10 च्या आत आणून द्या.’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 10 च्या वर 40 पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, आणि पुढे शिक्षा कडक होत जाते. म्हणून विद्यार्थी घाबरतात आणि शब्द बदलून देणारा शोधतात. मी आधी त्या साम्याचा अहवाल मागवते. बरेचदा त्यात संदर्भसूची, अनुक्रमणिका, अवतरणचिन्हांतला आणि स्रोत दिलेला मजकूर, कायद्यांची कलमे असे सगळे मोजलेले असते. त्याच नियमांनुसार ते वगळायचे असते. सर्वज्ञात माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे शब्दही धरायचे नसतात. ते वगळून अहवाल पुन्हा काढला की आकडा पुष्कळदा खाली येतो.

जे उरते ते खरोखर कोणाचे तरी असते. त्यातले शब्द फिरवून देणे म्हणजे चोरीच्या सायकलला रंग देणे, आणि ते मी करत नाही. शिवाय त्यात शास्त्राचीही वाट लागते. एका लघुप्रबंधात ‘दारिद्र्यरेषा’ची ‘गरिबीची रेघ’ झालेली मी पाहिली आहे, आणि ‘यादृच्छिक नमुना’चा ‘मनमानी नमुना’. दुसऱ्या उदाहरणात तर अर्थच उलटा झाला, कारण यादृच्छिक निवडीत संशोधकाची मर्जी चालू नये यासाठीच सगळी खटपट असते. पारिभाषिक शब्दाला समानार्थी शब्द नसतो. उचललेल्या परिच्छेदावर तीनच उपाय आहेत: अवतरणात घालून स्रोत द्या, वाचून बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत मांडा आणि तरीही स्रोत द्या, नाहीतर काढून टाका. कोणता परिच्छेद कोणत्या उपायाचा, हे मी खूण करून दाखवते. पुढचे काम विद्यार्थ्याचे.

शोधनिबंधांत वेगळाच अनुभव येतो. एका प्राध्यापकांनी मानधनाऐवजी ‘सहलेखक म्हणून तुमचे नाव घालतो’ असे सुचवले. त्यांच्या मनात आदरच होता, तरी मी नकार दिला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याचे चार निकष ठरवले आहेत आणि ते सगळे पूर्ण व्हावे लागतात. त्यातला शेवटचा, संपूर्ण कामाची जबाबदारी घेणे. केवळ भाषा तपासणाऱ्याचे नाव ऋणनिर्देशात यावे असे ती समिती सांगते. ज्या आकड्यांविषयी मला उद्या कोणी विचारले तर उत्तर देता येणार नाही, त्यांखाली माझे नाव कसे घालू?

आता विद्यापीठांना एक विनंती. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संपादकांच्या संस्थेने प्रबंध-संपादनासाठी मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. संपादकाने भाषा आणि मुद्रितशोधनापलीकडे जाऊ नये, आणि त्याचे नाव व केलेले काम प्रबंधाच्या सुरुवातीच्या पानांत नोंदवावे. संपादक त्याच विषयातला जाणकार असेल तर तेही लिहावे. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मोह तिथेच सर्वांत जास्त असतो. आपल्याकडच्या मी पाहिलेल्या प्रबंधांत विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र असते, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र असते, पण भाषा कोणी तपासली याला जागाच नसते. त्यामुळे प्रामाणिकपणे तपासून देणारा आणि पूर्ण प्रकरण लिहून देणारा, दोघेही सारखेच अदृश्य राहतात.

वरच्या विद्यार्थिनीने ऋणनिर्देशात माझे नाव आणि ‘केवळ भाषिक तपासणी’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी ती ओळ काढायला लावली. परीक्षकांना शंका येईल, असे त्यांचे म्हणणे. खरे तर शंका न लिहिण्यानेच यायला हवी. तेव्हापासून मी प्रत्येक कामाबरोबर अर्धे पान देते: कोणती प्रकरणे पाहिली, काय दुरुस्त केले, कुठे फक्त प्रश्न विचारले. बदलांच्या खुणा ठेवलेली फाईलही विद्यार्थ्याकडे असते. ट्रॅक चेंजेस बंद करून मी एकही पान परत करत नाही. विद्यापीठांनी प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यातच अशा तीन ओळींची जागा ठेवावी आणि परीक्षकांनी मागितल्यास ती फाईल दाखवण्याची मुभा असावी. माझ्याकडच्या अशा सर्व फाईली मी जपून ठेवल्या आहेत. संबंधित विद्यार्थ्याची संमती असेल तर त्या दाखवायला मी केव्हाही तयार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक मुद्रितशोधक, कोल्हापूर