गृहकर्जाचे प्रमाणपत्र एक, वजावटदार दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पती-पत्नी दोघेही घराचे मालक आणि दोघेही कर्जदार असले की वर्षअखेरीस बँक व्याज आणि मुद्दल यांचे एकच प्रमाणपत्र देते. त्यावर नावे दोघांची असतात, रक्कम मात्र संपूर्ण कर्जाची. प्राप्तिकरातल्या वजावटीसाठी तोच कागद नवरा आपल्या कंपनीत देतो आणि बायको तिच्या कंपनीत. दोन्हीकडचे लेखा विभाग तो मान्य करतात, कारण दुसरीकडे काय दिले आहे हे कोणालाच दिसत नाही. यात होणारी चूक बरीच वर्षे लपून राहते. म्हणून आकड्यांसह मांडतो.

समजा, ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले आहे. हप्ता सुमारे ५२,०६९ रुपये बसतो. पहिल्या बारा हप्त्यांत व्याज साधारण ५,०५,४०० आणि मुद्दल १,१९,४०० रुपये फिटते. घर दोघांच्या नावे निम्मे-निम्मे असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला २,५२,७०० रुपये व्याज येते. स्वतः राहत असलेल्या घरासाठी १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम २४(बी)नुसार व्याजाच्या वजावटीची मर्यादा माणशी २ लाख आहे, म्हणजे दोघांचे मिळून ४ लाख. वरचे १,०५,४०० रुपये वाया जातात आणि ते पुढच्या वर्षीही ओढता येत नाहीत.

आता दोघांनीही चुकून पूर्ण ५,०५,४०० रुपये दाखवले, तरी मर्यादेमुळे प्रत्येकाला २ लाखच मिळतात. उत्तर बरोबर येते, रीत मात्र चुकलेली असते. ही चूक आधी उघडी पडते ती मुद्दलात. कलम ८०सीची मर्यादा माणशी दीड लाख असल्यामुळे १,१९,४०० ही रक्कम दोघांच्याही मर्यादेत सहज बसते. दोघांनी पूर्ण मुद्दल दाखवले की फेड १,१९,४०० रुपयांची आणि वजावट २,३८,८०० रुपयांची होते. योग्य आकडा प्रत्येकी ५९,७०० आहे. व्याजातली चूक नवव्या वर्षी वर येते. दर तोच राहिला तर त्या वर्षीचे व्याज ३,८९,७०० रुपयांवर उतरते, पण जुन्या सवयीने दोघेही दोन-दोन लाख लिहितात. प्रत्येकाचा खरा आकडा तेव्हा १,९४,८५० असतो.

वाटणी कोणत्या प्रमाणात करायची, हा पुढचा प्रश्न. 'ज्याचा कर जास्त त्याच्याकडे जास्त' असे दरवर्षी ठरवता येत नाही. आधी नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू पाहावा. त्यात हिस्से लिहिले असतील तर तेच धरावेत. हिस्से लिहिलेले नसतील तर घरासाठी कोणी किती पैसे घातले यावरून हिस्सा ठरतो, आणि त्याचा पुरावा नसेल तर हिस्से समान मानले जातात. दुसरी बाब म्हणजे हप्ता प्रत्यक्ष कोण भरते. मालकीचा हिस्सा आणि हप्त्यातला वाटा सारखे असतील तर वादाला जागाच उरत नाही. निम्म्या मालकाने सगळे हप्ते भरून सगळे व्याज स्वतःकडे घेतले तर आपल्या हिश्श्यापलीकडच्या व्याजावर आक्षेप येऊ शकतो. आणि ज्याने हप्त्यात एक रुपयाही घातला नाही, त्याने केवळ कर्जाच्या कागदावर नाव आहे म्हणून वजावट मागणे टिकणारे नाही.

यावर उपाय साधा आहे. हप्ता एकाच्याच खात्यातून जात असेल तर दुसऱ्याने हप्त्याच्या तारखेआधी आपला वाटा, वरच्या उदाहरणात २६,०३५ रुपये, त्या खात्यात बँकेतूनच वळता करावा. रोख देऊन 'घरखर्चात धरले' असे म्हटले तर हाती पुरावा काहीच राहत नाही.

प्रमाण ६०:४० असेल तर सुरुवातीला काही बिघडत नाही. ४० टक्क्यांच्या वाट्यालाही २,०२,१६० रुपये व्याज येते आणि दोघांचीही मर्यादा भरते. नवव्या वर्षी मात्र एकाचे २,३३,८२० होतात आणि दुसऱ्याचे १,५५,८८०. पहिल्याचे ३३,८२० रुपये वाया जातात आणि दुसऱ्याच्या मर्यादेत जागा असूनही ते तिकडे नेता येत नाहीत. नंतर बक्षीसपत्र करून हिस्सा बदलू, असे काही जण सुचवतात. पुरेशा मोबदल्याशिवाय घराचा हिस्सा पती किंवा पत्नीच्या नावे केला, तर घराच्या उत्पन्नासाठी प्राप्तिकर कायदा देणाऱ्यालाच मालक मानतो. म्हणून प्रमाणाचा विचार करारनामा नोंदवण्याआधीच करावा.

मुद्दल एकाने आणि व्याज दुसऱ्याने घ्यावे, ही युक्तीही कानावर येते. पत्नीची ८०सीची मर्यादा भविष्य निर्वाह निधीतच भरली असेल तर तिच्या वाट्याचे ५९,७०० रुपये मुद्दल तिला निरुपयोगी ठरते, म्हणून ते पतीकडे टाकायचा मोह होतो. पण प्रत्येक हप्त्यात व्याज आणि मुद्दल एकत्र असते. हप्ता निम्मा-निम्मा भरला असेल तर दोन्हींची वाटणीही निम्मीच होईल. मुदतीआधी एकरकमी मुद्दल भरताना मात्र ज्याच्या मर्यादेत जागा आहे त्याने स्वतःच्या खात्यातून भरावे.

हे सगळे जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला वजावट नाही आणि ८०सीही नाही. अनेक घरांत आता एक जण जुन्या प्रणालीत आणि दुसरा नव्या प्रणालीत असतो. त्याला कायद्याची हरकत नाही, पण नव्या प्रणालीत गेलेल्याचा हिस्सा दुसऱ्याला मिळत नाही. पत्नी नव्या प्रणालीत असेल तरी पतीचे व्याज २,५२,७०० आणि वजावट २ लाखच राहते. त्यामुळे प्रणाली निवडताना दोघांचा कर एकत्र मांडून बेरीज पाहावी.

विवरणपत्र भरताना घराच्या परिशिष्टात 'सहमालक आहेत का' या प्रश्नाला 'होय' म्हणावे. आपला टक्का, सहमालकाचे नाव, पॅन आणि त्याचा टक्का भरावा आणि व्याजाच्या रकान्यात फक्त आपला वाटा लिहावा. दोघांच्या विवरणपत्रांतले टक्के एकमेकांशी जुळले पाहिजेत. कंपनीला पुरावे देताना प्रमाणपत्रासोबत 'माझा हिस्सा अमुक टक्के, व्याज इतके, मुद्दल इतके' अशी सहीची चिठ्ठी जोडावी. जानेवारीत दिलेले प्रमाणपत्र अंदाजाचे असते, म्हणून एप्रिलनंतर अंतिम प्रमाणपत्र काढून आकडे पुन्हा तपासावेत. मार्चचा हप्ता चुकला असेल तर त्याचे व्याज देय झाल्यामुळे धरता येते, मुद्दल मात्र प्रत्यक्ष भरल्याखेरीज नाही.

आधीच्या वर्षांत दोघांनीही पूर्ण मुद्दल दाखवले असेल तर नोटिशीची वाट पाहू नये. मुदत असेल तर सुधारित विवरणपत्र आणि ती टळली असेल तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल करता येते. बँकांनाही एक विनंती आहे. प्रमाणपत्रावर 'ही रक्कम सर्व कर्जदारांची एकत्रित आहे' एवढी एक ओळ ठळक छापावी.

आपला,
एक करसल्लागार वाचक, ठाणे