अडवूक की बुडवूक?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका तरुण वार्ताहराने लिहिलं आहे की मोबाईल हातात आल्यापासून त्याने वही बाळगणं सोडून दिलं. सगळं रेकॉर्ड होतं, मग लिहीत कशाला बसायचं? मी मालवण तालुक्यातून सव्वीस वर्षं बातम्या पाठवल्या. त्यातली शेवटची काही वर्षं माझ्याही खिशात रेकॉर्डिंग करणारा फोन होता. त्या फोनने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. ते सांगावं म्हणून हे पत्र.

पर्ससीन जाळ्यांच्या बोटीवाल्यांविरुद्ध, किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणाऱ्या रापणकरांची सभा होती. आधी सोसायटीच्या खोलीत बोलणी झाली, मग सगळे बंदरावर आले. तिथे एक जाणते रापणकर तावातावाने बोलले. वारा भरात होता आणि फोन माझ्या शर्टाच्या खिशात. रात्री घरी कानात इयरफोन घालून ऐकायला बसलो. त्यांच्या तोंडचं वाक्य असं ऐकू आलं: ‘तेंची बोट बुडवूक व्हयी.’ तीनदा ऐकलं, तीनदा तेच. बातमी गेली आणि मथळाही तसाच लागला, ‘पर्ससीनच्या बोटी बुडवू’.

पाच दिवसांनी त्याच रापणकरांच्या वकिलाची नोटीस रजिस्टरने आली. तिच्यात दोन मुद्दे होते. बोट बुडवण्याची भाषा मी केलेली नाही, हा पहिला. गस्ती नौका महिनाभर फिरकली नाही असं मी बोललो नाही, हा दुसरा.

वही काढली. पान 47. त्या ओळीत माझ्या अक्षरात होतं: ‘बोट अड. व्हयी – बंदरार हाडूक व्हयी’. अड. म्हणजे अडवूक. बोट अडवायला हवी आणि बंदरावर आणायला हवी. बुडवलेली बोट बंदरावर आणणार कशी? मग रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, या वेळी इयरफोन काढून आणि त्या वाक्याच्या आधीपासून. वाऱ्याच्या घुंऽऽ मध्ये पहिलं अक्षर पार बुडालेलं होतं. ऐकू येत होतं ते फक्त ‘…डवूक व्हयी’. पुढचं ‘बंदरार हाडूक’ खिशाच्या कापडाच्या खरखरीत होतं, पण वही समोर ठेवून ऐकल्यावर तेही लागलं. रात्री मथळा शोधत बसलेल्या माझ्या कानाने ‘बु’ आपल्या पदरचा घातला होता.

दुसऱ्या मुद्द्याचं उलट झालं. ते वाक्य खोलीत, खिडक्या बंद असताना बोललेलं. वहीत मी त्याचा नुसता गोषवारा लिहिला होता, ‘गस्त नाही, 1 महिना’. एवढ्यावर काही ठरलं नसतं. पण ओळीशेजारी समासात ‘रे. 14’ असं होतं, म्हणजे रेकॉर्डिंगचं चौदावं मिनिट. तिथे त्यांचा आवाज स्वच्छ होता, ‘म्हयनो झालो, गस्तीची बोट दिसाक नाय’. त्याआधी माझा प्रश्नही होता आणि मी त्यांना नावाने हाक मारलेली होती. पहिल्या मुद्द्यावर आम्ही पहिल्या पानावर चुकीची दुरुस्ती छापली. दुसऱ्या मुद्द्यावर त्यांच्या वकिलांना कार्यालयात बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं. प्रकरण तिथेच थांबलं. नुसता फोन असता तर पहिल्या मुद्द्यावर मी खोटा पडून वर अडून बसलो असतो, आणि नुसती वही असती तर दुसऱ्यावर खरा असून हरलो असतो.

म्हणून त्या तरुण मित्राला सांगेन की वही आणि रेकॉर्डिंग यांना एकमेकांशी बांधून ठेवणारी गोष्ट ती समासातली ‘रे. 14’. सुरुवातीला फोन चालू केला की मोठ्याने तारीख, वेळ, गाव आणि कोणाशी बोलतोय ते बोलावं. शक्य तर समोरच्यालाच त्याचं नाव सांगायला लावावं. मग अधूनमधून फोनवरचं मिनिट समासात टाकत जावं. दीड तासाच्या सभेत ते वाक्य शोधायला नंतर अर्धी रात्र जात नाही. रेकॉर्डिंग चालू आहे हेही त्यामुळे समोरच्याला आपोआप कळतं. प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही तेच म्हणते: माणसाला न कळवता संभाषण टेप करू नये, अपवाद कायदेशीर कारवाईत पत्रकाराच्या बचावासाठी ते गरजेचं असेल किंवा तसंच सबळ कारण असेल तेव्हाचा.

वहीत अवतरणचिन्ह फक्त तोंडच्या शब्दांना. गोषवारा असेल तर चिन्ह नाही, आणि मनातलं काही टिपलं तर ते चौकटी कंसात. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. माणूस मालवणीत बोलतो आणि बातमी प्रमाण मराठीत जाते, म्हणजे छापलेलं अवतरण हा आपण केलेला अनुवाद असतो. वहीत मात्र मालवणीच लिहावं. ‘अडवूक व्हयी’चं मी लगेच ‘रोखले पाहिजे’ करून टाकलं असतं तर माझ्या वहीलाही काही किंमत उरली नसती. समोरचा सहज म्हणाला असता, हे तुमचे शब्द, माझे नव्हेत.

वही शिवलेली हवी आणि पानांवर आधीच आकडे घालून ठेवलेले हवेत. स्पायरलची नको. तिची पानं आवाज न करता निघतात आणि मधलंच पान नसलं की बाकीच्या पानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. घरी आल्यावर काही आठवलं तर ते दुसऱ्या रंगाच्या पेनने, तारीख-वेळ घालून लिहावं. पेन साधं बॉलपेन. जेलपेन आणि शाई आमच्या पावसात पानभर पसरतात. पेन्सिल पाण्याला टिकते, पण खोडता येते, म्हणून वकील तिच्यावर बोट ठेवणारच.

वहीवरून टाईप केलेल्या कागदाला मूळ वहीची सर नाही. अमेरिकेत जॅनेट माल्कम या लेखिकेवर मॅसन नावाच्या मनोविश्लेषकाने 1984 मध्ये खटला भरला. चाळीस तासांहून जास्त टेप होत्या, पण वादातली काही वाक्यं नेमकी टेपवर नव्हती. हाताने लिहिलेल्या मूळ नोंदी सापडत नव्हत्या; होत्या त्या फक्त टाईप केलेल्या. निकाल तिच्या बाजूने लागायला 1994 उजाडलं, आणि हरवलेली वही घरात सापडली ती त्याच्या पुढच्या वर्षी!

आता फोनमधल्या फाईलबद्दल. कार्यालयाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल तिथे `AUD-20240512-WA0003` अशा नावाने उतरते. त्यातली तारीख व्हॉट्सॲपची, आपण रेकॉर्ड केल्याची नव्हे. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी आणि मूळ फाईल फोनमधून हलवू नये. तिला कापू नये, तिच्यावरच आवाज ‘साफ’ करू नये. जे करायचं ते प्रतीवर. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये खोतकर प्रकरणात जुन्या पुरावा कायद्यातल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राच्या 65-ब कलमाबद्दल सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दाखल करायची तर लागतं. आणि आमची पोरं दिवाळीच्या ऑफरमध्ये जुना फोन देऊन नवा आणतात! मूळ उपकरण गेलं की उरते ती प्रत. त्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात 63 व्या कलमाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलची हॅश लिहावी लागते. फाईलमधला एक कण बदलला तरी हॅशचा आकडा बदलतो. फाईल संगणकावर घेतली की त्याच दिवशी विंडोजवर एवढी एक ओळ चालवावी आणि येणारा लांबलचक आकडा वहीत त्या सभेच्या पानावर उतरवून ठेवावा:

```
certutil -hashfile sabha.m4a SHA256
```

वहीची मात्र एक मेख आहे. साक्ष देताना कोर्टात वही बघून स्मरण ताजं करता येतं, ती नोंद प्रसंगाच्या वेळी किंवा लगेच नंतर केलेली असेल तर. पण तुम्ही वही उघडली की ती बघण्याचा आणि तिच्यावरून उलटतपासणी घेण्याचा हक्क समोरच्यालाही मिळतो. ज्याने नाव न छापण्याच्या अटीवर काही सांगितलं त्याचं नाव त्याच वहीत असलं तर संपलंच. प्रेस कौन्सिल कायद्याच्या 15 व्या कलमात बातमीचा स्रोत सांगायची सक्ती नाही, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. कोर्टाला ते बांधून ठेवत नाही. मी अशा माणसांना वहीत नुसता एक आकडा देत असे. आकडा कोणाचा ते कुठेच लिहिलेलं नसे, आणि अशा बोलण्याचं रेकॉर्डिंगही कधी केलं नाही.

किती दिवस ठेवायचं? अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा छापल्यापासून एका वर्षात करावा लागतो. फौजदारीची मुदत तीन वर्षं आणि कोर्ट उशीर माफही करू शकतं. म्हणून तीन वर्षांआधी काही टाकायचं नाही, आणि नोटीस आली असेल तर त्या विषयाचं काहीच टाकायचं नाही. माझ्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत. लाकडी कपाटातल्या चार वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि कॅसेटच्या काळातलं बहुतेक सगळं बुरशीने गेलं. दर चतुर्थीआधी घर आवरताना पेटी उन्हात उघडायची, हे ठरलेलं.

शेवटी एक विनंती, ती मात्र त्या तरुणाला नसून आपल्याला. तालुका वार्ताहराने पाठवलेली बातमी आणि छापलेली बातमी यांत मथळ्यापासून फरक पडतो. माझ्याकडे माझी वही आहे, पण मी त्या रात्री नेमकी काय कॉपी पाठवली हे सिद्ध करायला काही नव्हतं. मथळ्यातला ‘बुडवू’ माझ्या वाक्यावरून घेतला होता, हे मी कबूल केलं म्हणून कळलं. डेस्कवर आलेली मूळ कॉपी, कोणी कधी पाठवली त्या वेळेसकट, निदान तीन वर्षं राहील अशी सोय आपल्या कार्यालयात आहे का? असल्यास तालुक्याच्या वार्ताहरांना तसं कळवावं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त तालुका वार्ताहर, मालवण