फोटोतली सीट उलटी कर

जळगाव

चि. सौ. मनीषा हिस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. छकुली गाडीतल्या नव्या बेबी सीटमध्ये बसलेली, डोक्यावर टोपडं, हातात अर्धं बिस्कीट. तुझ्या आईने तो फोटो गल्लीतल्या सगळ्यांना दाखवून झाला. मी चष्मा लावून तो मोठा करून पाहिला आणि मला त्यात तीन चुका दिसल्या. फोनवर सांगायला लागलो तर आईने फोन काढून घेतला. म्हणाली, "पोर अखाजीला माहेरी येतेय, तिच्या गाडीचा सर्व्हे लावू नका." म्हणून पत्र.

सर्व्हे हा शब्द तिने बरोबर वापरला. अठ्ठावीस वर्षं मी विम्यासाठी आपटलेल्या गाड्या पाहिल्या. धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंतच्या हायवेवर किती गॅरेजांच्या मागच्या अंगणात उभा राहिलो असेन, त्याची गणती नाही. माणसं काय सांगतात ते मी ऐकून घ्यायचो, पण लिहायचो ते बेल्ट पाहून. धडकेच्या वेळी बेल्ट लावलेला असला तर त्याच्या पट्टीवर एक चकाकी येते, पट्टी जिथून सरकते तिथलं प्लॅस्टिक घासून वितळल्यासारखं होतं आणि बहुतेक वेळा पट्टी पुन्हा नीट गुंडाळली जात नाही. न लावलेला बेल्ट नव्यासारखा आत बसलेला असतो. मागच्या सीटचे बेल्ट मला जवळजवळ नेहमी नव्यासारखेच सापडले.

एक गाडी विसरता येत नाही. पारोळ्याच्या अलीकडे रात्री उभ्या ट्रॉलीला मागून धडकली होती. बॉनेट पार चेपलेलं, पण आतली जागा शाबूत. ड्रायव्हरच्या बेल्टवर चकाकी होती, एअरबॅग फुटलेली होती. म्हणजे दोघांनीही आपलं काम केलं होतं. तरी त्या पोराच्या बरगड्या मागच्या बाजूने मोडल्या होत्या. मी त्याच्या सीटच्या पाठीकडे गेलो. पाठ पुढे वाकलेली आणि तिच्यावर गुडघ्यांचे दोन खोल खड्डे. मागे त्याची आजी बसली होती. तिचा बेल्ट गुंडाळलेला, आणि बकल तर नव्या सीट कव्हरखाली शिवून टाकलेलं. गाडी थांबली, आजी थांबली नाही. ती गेली, आणि जाताना नातवाच्या पाठीवर आदळून गेली. मागे बसणारा बेल्ट लावत नाही तेव्हा तो फक्त स्वतःचा प्रश्न नसतो, हे त्या दिवशी मला त्या दोन खड्ड्यांनी शिकवलं.

आता मांडीचं बोलतो. तुझ्या सासूबाई म्हणतात, लेकरू आईच्या मांडीवर सगळ्यात सुखरूप. आपल्याकडेही "काही व्हत नही" हेच उत्तर. तू हिशेब कर. गाडी ताशी पन्नासने जातेय, म्हणजे सेकंदाला साधारण चौदा मीटर. समोर धडकली, पुढचा भाग साठ सेंटिमीटर चेपला आणि गाडी उभी राहिली. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात होतं. तेवढ्या वेळात छकुलीला थांबवायचं तर तिच्या वजनाच्या सोळापट जोर लागतो. ती नऊ किलोची आहे, म्हणजे सुमारे दीड क्विंटल. हा सरासरी जोर झाला, मधल्या एका क्षणाला तो याहून बराच वाढतो. कापसाचं दीड क्विंटलचं पोतं अचानक अंगावर आलं तर तू दोन हातांनी धरशील का? आणि हा हिशेब तू स्वतः बेल्टने बांधलेली आहेस असं धरून आहे. तू मोकळी असलीस तर लेकरू पुढच्या सीटवर आधी आदळेल आणि मागून तुझं पंचावन्न किलोचं वजन तिच्यावर. काही जणी एकाच बेल्टमध्ये स्वतःला आणि बाळाला गुंडाळतात. त्यात आईचं सगळं वजन बेल्ट आणि आई यांच्यामध्ये सापडलेल्या बाळावर येतं.

आणि कबूल करतो. दिवाळीला स्टेशनहून घरी येताना छकुली माझ्याच मांडीवर होती. एवढं सगळं माहीत असून. दोन किलोमीटर तर जायचंय, असं मीच म्हणालो होतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण आमच्या जावईपाहुण्यांनी परवा विचारलं, "मागे कुठे कोण पकडतं?" मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमात, समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्यांनीही गाडी चालू असताना बेल्ट लावायचा असं सरळ लिहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९४ ब हे कलम आलं आणि ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालं. त्यात चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. म्हणजे पावती पाहुण्यांच्या नावाने, छकुलीच्या नाही. पण त्या कलमात कोणत्या वजनाला कोणती सीट, ती कशी बांधायची, यातलं काही नाही. आणि गाडी मोठी आहे, मजबूत आहे, असं पाहुणे म्हणाले तर त्यांना ४ सप्टेंबर २०२२ ची पालघरची घटना आठवायला सांग. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

आता फोटो. पहिली चूक, सीटचं तोंड पुढे आहे. ते मागे कर, म्हणजे छकुलीची पाठ गाडीच्या तोंडाकडे येईल. दुकानदाराने "नऊ किलो झाली की पुढे तोंड चालतं" असं सांगितलं असेल. तो खोटं बोलला नाही, युरोपातल्या जुन्या मापात तसंच होतं. नव्या मापाने मात्र पंधरा महिने पुरे होईपर्यंत तोंड मागेच ठेवावं लागतं, आणि छकुली चौदाची आहे. पंधरा झाले म्हणून लगेच फिरवायचीही घाई नको. या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं आणि मानेची हाडं अजून पुरती हाडं झालेली नसतात. तोंड पुढे असलं की धडकेत खांदे पट्ट्यांनी थांबतात आणि डोकं एकटं पुढे झेपावतं, सगळा ताण मानेवर. तोंड मागे असलं की पाठ, मान, डोकं एकत्र सीटच्या पाठीत दाबले जातात. पाय दुमडतात म्हणून तुझी आई हळहळेल. दुमडू देत, त्यात लेकरांना काही त्रास नसतो. सीटच्या लेबलवर मागे तोंड करून किती वजनापर्यंत चालते ते लिहिलेलं असतं. तिथपर्यंत, आणि डोकं सीटच्या वरच्या काठाच्या आत आहे तोपर्यंत, तशीच ठेव. एक मात्र कधीही नाही: मागे तोंड केलेली सीट पुढच्या एअरबॅगसमोर. ती फुटली की सीटच्या पाठीवरच आदळते.

दुसरी चूक, गाडीचा बेल्ट सीटमधून चुकीच्या वाटेने ओवला आहे. बहुतेक सीटांवर मागे तोंड असताना निळ्या खुणांतून आणि पुढे तोंड असताना लाल खुणांतून बेल्ट न्यायचा असतो. ओवून झाल्यावर गुडघ्याने सीट खाली दाब आणि बेल्टचा सगळा ढिलेपणा ओढून काढ. मग जिथून बेल्ट जातो तिथेच हाताने धरून सीट डावी-उजवी हलव. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांध. वरच्या टोकाला धरून हलवू नकोस, तिथे चांगली बांधलेली सीटही हलते आणि उगाच घाबरायला होतं.

तिसरी चूक आईच्या मायेची. पट्ट्यांच्या खाली तू गोधडीची घडी ठेवली आहेस. धडकेत ती घडी दाबली जाते आणि तेवढा ढिलेपणा पट्ट्यांत आयता मिळतो. गोधडी घालायचीच तर पट्ट्या बांधून झाल्यावर वरून. तोंड मागे असताना खांद्याच्या पट्ट्या खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित खालून निघायला हव्यात. बांधल्यावर खांद्यापाशी पट्टीची चिमूट घेऊन बघ. चिमटीत पट्टी आली तर सैल आहे, बोटं नुसती घसरली तर बरोबर.

नाशिकहून निघालात की मालेगावला एकदा थांबा, मग धुळ्याला. दोन तासांपेक्षा जास्त तिला सलग बांधून ठेवू नका. अखाजीच्या उन्हात गाडी उभी राहिली की बकलचं लोखंड चटका देतं. उतरताना सीटवर पांढरं पातळ झाका आणि बसवण्याआधी बकलला स्वतःचा हात लावून बघा. रडली तरी चालत्या गाडीत बाहेर काढायची नाही, गाडी बाजूला घ्यायची.

दादाचा ओम तुमच्याबरोबर येतोय ना? आठ वर्षांचा असला तरी मोठ्यांचा बेल्ट त्याच्या गळ्यावर येतो, म्हणून तो पट्टा पाठीमागे टाकतो. मी पाहिलंय. तसं केलं की कमरेचा भाग पोटावर चढतो आणि धडकेत आतली आतडी-यकृत दाबली जातात. त्याला खालून उंची देणारी बूस्टर सीट लागेल, साधारण एकशे पस्तीस ते दीडशे सेंटिमीटर उंच होईपर्यंत. कमरेची पट्टी मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडावर, आणि वरची पट्टी खांद्याच्या मधोमध. उशी ठेवून भागवू नका, उशी घसरते.

आणि तू. छकुलीच्या शेजारी तुझाही बेल्ट.

एरंडोलला आलात की फोन कर. दिवाळीसारखं मी स्टेशनवर किंवा नाक्यावर येऊन तिला मांडीवर घेणार नाही. हे तुझ्या आईला आताच सांगून ठेवलंय, ती दोन दिवस रुसली आहे. काल आपल्या गाडीच्या मागच्या सीटचं कव्हर मी कात्रीने कापलं. तीनपैकी दोन बकलं ठीक निघाली. तिसऱ्यात शेंगदाण्याची टरफलं भरली होती, ती आज टाचणीने काढतोय.

तुझे
बाबा